१८४ कोटी ५ लाख म्हणजे १८४.५ कोटी नव्हे

महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तालुक्याच्या ठिकाणची छापखाने आणि डीटीपी केंद्रे एकाच प्रकारच्या कामाने भरून जातात: नागरी सहकारी बँका, पतसंस्था आणि साखर कारखाने यांचे वार्षिक अहवाल. मुखपृष्ठावर इमारतीचा फोटो, आत संचालक मंडळाची रांग, मग अध्यक्षांचे मनोगत, मग लेखापरीक्षकांचा अहवाल, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि शेवटी दहा-पंधरा वर्षांच्या प्रगतीचा तक्ता.

यातली नागरी सहकारी बँकेची पुस्तिका बहुधा दोन भाषांत असते. मनोगत आणि संचालकांचा अहवाल मराठीत, कारण तो सभासदांना वाचायचा असतो. लेखापरीक्षकांचा अहवाल आणि त्यासोबतच्या टिपा अनेकदा इंग्रजीत, कारण सनदी लेखापालाचे काम त्या भाषेत चालते. काही बँका पूर्ण पुस्तिकाच दोन्ही भाषांत काढतात. मजकूर दोन भाषांत असला तरी पैसे एकच असतात. ठेवी एकच, कर्जे एकच, नफा एकच. तरीही तोच आकडा पान ४ वर एक, पान २२ वर दुसरा आणि शेवटच्या तक्त्यात तिसराच दिसतो, असे दर हंगामात कुठे ना कुठे घडते. त्यात अफरातफर नसते. असते ती फक्त लिहिण्याची गडबड.

ही गडबड कशी होते, ते एका काल्पनिक बँकेच्या आकड्यांवरून पाहू. समजा, ३१ मार्च २०२४ रोजी तिच्या एकूण ठेवी १८४ कोटी ५ लाख ७२ हजार ३५० रुपये ७५ पैसे आहेत. ताळेबंदात हा आकडा पैशापर्यंत छापला जातो. पण त्याच पुस्तिकेतल्या इंग्रजी टिपांमध्ये तो वेगळ्या रूपात येतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये वित्तीय पत्रकांच्या मांडणीबद्दल जो एकत्रित निर्देश काढला, त्यातले प्रकटीकरणाचे तक्ते कोटी रुपयांत होते आणि तो निर्देश तेव्हा सहकारी बँकांनाही लागू होता. म्हणून टिपेत १८४.०६ कोटी येते. प्रगतीच्या तक्त्यात बँकेची जुनी सवय लाखांची असते, तिथे १८,४०५.७२ लाख. आणि अध्यक्षांच्या मनोगतात? तिथे आकडा बोलीतून उतरतो.

व्यवस्थापक फोनवर सांगतात, ‘ठेवी एकशे चौऱ्याऐंशी कोटी पाच लाख.’ मनोगत लिहिणारा कारकून ते लिहितो १८४.५ कोटी. पाच लाख म्हणून दशांशचिन्हापुढे पाच, इतका तो सरळ हिशेब. पण कोटीत शंभर लाख असतात, दहा नव्हेत. म्हणून पाच लाख म्हणजे कोटीचा शंभरातला पाचवा भाग, ०.०५. बरोबर रूप १८४.०५, आणि पुढचे ७२ हजार धरून जवळच्या आकड्यात आणले तर १८४.०६. कारकुनाने लिहिलेले १८४.५ म्हणजे १८४ कोटी ५० लाख. एका शून्याच्या अभावी ठेवी ४४ लाखांहून अधिक फुगल्या.

चूक तिथेच थांबत नाही. मागील वर्षीच्या ठेवी १७१.६२ कोटी होत्या असे धरू. खरी वाढ १२.४४ कोटी, म्हणजे ७.२५ टक्के. मनोगतातला चुकीचा आकडा घेऊन कोणी टक्केवारी काढली तर ती ७.५० येते, आणि भाषणात ‘साडेसात टक्के वाढ’ असे घोषवाक्य तयार होते. इंग्रजी टिपेत मात्र ७.२५. दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचणारा सभासद क्वचित असतो, पण असतो. आणि तो बहुधा निवृत्त शिक्षक किंवा निवृत्त बँक कर्मचारी असतो.

या चुकीवर उपाय अगदी साधा आहे. लाखांना नेहमी दोन घरे द्यायची. कोटीत लिहिताना दशांशानंतर दोन अंक सक्तीचे केले की १८४.५ हे रूपच नियमाबाहेर जाते. ५० लाख असतील तर १८४.५० लिहायचे, ५ लाख असतील तर १८४.०५. प्रूफ वाचणाऱ्याला कोटींच्या रकान्यात दशांशानंतर एकच अंक दिसला की त्याने पेन्सिल उचलावी.

एकक कोणते निवडावे, हा खरा निर्णय. कंपन्यांसाठी तो कायद्याने बराचसा ठरवून दिला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीनुसार एकूण उत्पन्न शंभर कोटींपेक्षा कमी असेल तर आकडे शेकडा, हजार, लाख किंवा दशलक्षांत द्यायचे. शंभर कोटी किंवा त्याहून जास्त असेल तर लाख, दशलक्ष किंवा कोटींत. २०२१ पर्यंत ही पूर्णांकनाची मुभा होती, त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती सक्ती झाली. त्याच अनुसूचीत एक ओळ आहे जी सहकारी बँकांनीही आपल्या भिंतीवर लावावी: एकदा एक एकक घेतले की सगळ्या वित्तीय पत्रकांत तेच वापरायचे.

सहकारी बँकेला हे तंतोतंत जमत नाही, कारण ताळेबंद पैशापर्यंत छापायची रीत आहे आणि रिझर्व्ह बँकेचे तक्ते कोटींत. म्हणजे दोन एकके अटळ आहेत. मग निदान तिसरे तरी नको. प्रगतीचा तक्ता लाखांत ठेवण्याचे एकच कारण बहुतेक ठिकाणी सांगितले जाते: पूर्वीपासून तसाच आहे. बँक लहान होती, ठेवी ऐंशी लाख होत्या, तेव्हा लाख हे योग्य माप होते. आता १८,४०५.७२ लाख वाचताना सभासदाला मनातल्या मनात शंभराने भागावे लागते. जुने आकडे कोटींत बदलून घ्यायला एका दुपारचे काम आहे. ऐंशी लाख ०.८० कोटी दिसतील, त्यात कमीपणा काही नाही. उलट वाढ डोळ्यांत भरते.

दशलक्षाचा प्रश्न बहुतेक सहकारी बँकांना पडत नाही, पण परदेशी भागीदार असलेल्या कंपन्यांना, परदेशातून देणग्या घेणाऱ्या संस्थांना पडतो. तिथे लक्षात ठेवायचे ते एवढेच की एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष. १८४.०६ कोटींचे १,८४०.६ दशलक्ष होतात; कोटीकडून दशलक्षाकडे जाताना आकडा मोठा होतो. भाषांतर करणारा घाईत उलट दिशेने गेला तर १८.४ दशलक्ष लिहून मोकळा होतो, आणि बँक एका ओळीत शंभर पटीने लहान होते. मराठीत अब्ज आहे, शंभर कोटींचा, पण अहवालात तो कोणी वापरत नाही. मोठ्या रकमांना वर्तमानपत्रेही ‘लाख कोटी’ म्हणतात. तेच ठीक आहे.

आता एका अशा विसंगतीकडे येऊ जी चूक नसते, पण सभेत सर्वांत जास्त गोंधळ तीच घालते. वरच्याच बँकेच्या ठेवी तीन प्रकारच्या आहेत असे धरू. बचत ४१ कोटी २४ लाख ६८ हजार २१०. मुदत १३१ कोटी ६४ लाख ५३ हजार ९००. चालू ११ कोटी १६ लाख ५० हजार २४० रुपये ७५ पैसे. बेरीज बरोबर १८४ कोटी ५ लाख ७२ हजार ३५० रुपये ७५ पैसे येते. आता हे तिन्ही कोटींत, दोन दशांशांपर्यंत लिहायचे: ४१.२५, १३१.६५, ११.१७. यांची बेरीज १८४.०७. पण एकूण आकडा वेगळा पूर्णांकित केला तर १८४.०६.

एक शतांश कोटी म्हणजे एक लाख रुपये. सभेत माइक हातात घेऊन सभासद विचारतो, ‘अध्यक्ष महाराज, हे एक लाख गेले कुठे?’ आणि व्यासपीठावर कुजबुज सुरू होते. उत्तर असे की एक लाख कुठेही गेले नाहीत. तिन्ही भाग योगायोगाने वरच्या बाजूला पूर्णांकित झाले आणि एकूण आकडा त्यांच्याइतका वर गेला नाही. हाच तक्ता लाखांत केला तर ४,१२४.६८, १३,१६४.५४ आणि १,११६.५० यांची बेरीज नेमकी १८,४०५.७२ येते. म्हणजे एकाच बँकेत, एकाच दिवशी, एका तक्त्यात बेरीज जुळते आणि दुसऱ्यात नाही.

अशा वेळी डीटीपीवाला किंवा लेखनिक जो मार्ग काढतो, तो सर्वांत वाईट. चालू ठेवी ११.१७ च्या ११.१६ करून टाकायच्या, बेरीज जुळली, विषय संपला. मराठी पानावर हे केले आणि इंग्रजी पानावर विसरले की चालू ठेवींचे दोन आकडे छापले गेले. त्यापेक्षा प्रत्येक आकडा मूळ रुपये-पैशांवरून स्वतंत्रपणे पूर्णांकित करायचा आणि तक्त्याखाली दोन्ही भाषांत एक ओळ घालायची: ‘पूर्णांकनामुळे बेरजेत किंचित फरक दिसू शकतो.’ टक्केवारीही मूळ आकड्यांवरून काढायची, छापलेल्यांवरून नव्हे. ही ओळ छापलेली असली की अध्यक्षांना व्यासपीठावर उत्तर शोधावे लागत नाही.

स्वल्पविरामाचे दुखणे वेगळेच आहे. भारतीय पद्धतीत उजवीकडून पहिले तीन अंक, नंतर दोन-दोन. ताळेबंदातला आपला आकडा त्या नियमाने १,८४,०५,७२,३५० होतो. पण मराठी अहवालांत तो अनेकदा १८४,०५,७२,३५० असा दिसतो, म्हणजे कोटींच्या पुढे स्वल्पविराम नाहीच. दुसरे रूप नियमाला सोडून असले तरी वाचायला सोपे आहे. डोळा १८४ वर थांबतो आणि कोटी म्हणतो. दोन्हींपैकी कोणतेही चालेल. एका पुस्तिकेत दोन्ही चालणार नाहीत.

आणि दोन्ही येतात ते एक्सेलमुळे. लाख-कोटीच्या जागी स्वल्पविराम यावेत म्हणून हिशेबनीसांमध्ये एक सूत्र हातोहात फिरते:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

सूत्र हुशार आहे. कोटीच्या वरचा आकडा पहिल्या साच्यात, लाखाच्या वरचा दुसऱ्यात, बाकीचे तिसऱ्यात. पण कोटीच्या पुढे त्यात स्वल्पविराम नसल्याने आपला आकडा 184,05,72,350 दिसतो. ज्या संगणकावर विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये अंकांचा गट `12,34,56,789` असा निवडलेला आहे, तिथे साध्या स्वरूपातला तोच आकडा 1,84,05,72,350 दिसतो. लेखापरीक्षकाच्या कार्यालयातून आलेली फाइल एका पद्धतीची, बँकेची दुसऱ्या, आणि दोन्ही एकाच पुस्तिकेत शेजारी.

त्या सूत्राचा याहून गंभीर दोष तोट्याच्या वर्षी कळतो. त्याच्या पहिल्या दोन अटी मोठ्या धन संख्यांसाठी आहेत. ऋण आकडा कितीही मोठा असो, तो लाखापेक्षा लहानच ठरतो आणि तिसऱ्या साच्यात पडतो, जिथे गट तीन-तीनचे आहेत. ३२ लाख ४५ हजार ६०० रुपयांचा तोटा -3,245,600 असा छापला जातो. वरच्या सगळ्या ओळी लाख-कोटींत आणि नेमकी तोट्याची ओळ दशलक्षांत. घाईत वाचणाऱ्याला ते तीन लाख वाटले तर दोष त्याचा नाही. ज्यांच्या पत्रकात ऋण आकडे आहेत त्यांनी हे सूत्र न वापरता संगणकाची प्रादेशिक सेटिंगच भारतीय करावी. मात्र ती सेटिंग त्या संगणकापुरती असते, फाइलसोबत प्रवास करत नाही. म्हणून छापखान्यात एक्सेलची फाइल न पाठवता तिची पीडीएफ सोबत द्यावी, म्हणजे आकडे कसे दिसायला हवेत याचा पुरावा राहतो.

छापखान्यात आकड्यांवर खरे संकट येते ते फॉन्टमुळे. युनिकोड येऊन इतकी वर्षे झाली तरी अनेक डीटीपी केंद्रांत अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. कृतीदेव त्यांतला सर्वांत परिचित. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी कळफलकावरच्या चिन्हांच्या जागी देवनागरी अक्षरे बसवलेली असतात. स्वल्पविरामाच्या जागी ‘ए’, पूर्णविरामाच्या जागी ‘ण्’, तिरक्या रेघेच्या जागी ‘ध्’. इंग्रजी ताळेबंदातून रक्कम आणि तारीख उचलून मराठी मजकुरात चिकटवली आणि संपूर्ण परिच्छेदाला कृतीदेव लावला की पडद्यावर हे उमटते:

```
1,25,000.50   ->  1ए25ए000ण्50
31/03/2024    ->  31ध्03ध्2024
```

हे निदान दिसते तरी. कोणीही वाचले तरी ओरडेल. घातक आहे ते न दिसणारे. कृतीदेवमध्ये उणे चिन्हाच्या जागी पूर्णविराम आहे. त्यामुळे -450 हा आकडा .450 होतो. तोटा अपूर्णांक बनतो आणि पानावर काहीही विचित्र दिसत नाही. हिशेबनीस तोटा कंसात लिहितात, तिथेही सुटका नाही; (450) चे ;450द्ध होते, पण ते निदान डोळ्याला खटकते. म्हणून ज्या पुस्तिकेत असा फॉन्ट आहे तिथे प्रत्येक ऋण आकडा मूळ पत्रकाशी ताडून पाहण्याला पर्याय नाही. आणि शक्य असेल तिथे पुढच्या वर्षापासून सगळे काम युनिकोडमध्ये करणे स्वस्त पडेल.

रुपयाच्या चिन्हाचीही अशीच कथा. डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले, पण ते सगळ्या संगणकांवर पोचायला वेळ लागला. मधल्या काळात मंगळूरच्या फोरेडियन कंपनीने एक फॉन्ट काढला, ज्यात हे चिन्ह कळफलकावरच्या ` या कळीवर बसवले होते. तो फॉन्ट खूप वापरला गेला. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली, फॉन्ट तिथे नसला की ₹ जाऊन नुसते ` उरते. जुन्या अहवालांच्या पीडीएफमध्ये रकमेआधी ` 5,000 असे दिसते ते यामुळे. मागच्या वर्षीची फाइल उघडून त्यावरच नवा अहवाल बेतायची पद्धत असल्याने हे चिन्ह आजही अधूनमधून डोके वर काढते. सरळ उपाय असा की मराठीत ‘रु.’ आणि इंग्रजीत ₹, किंवा दोन्हीकडे ₹; आणि तक्त्यात ते प्रत्येक रकमेपुढे न लावता वरच्या कोपऱ्यात एकदाच, एककासह: ‘(रक्कम ₹ कोटींत)’. रकमेच्या शेवटी ‘/-’ ही शेपटी धनादेशावर शोभते, तक्त्यात नाही.

अंक देवनागरी की इंग्रजी, यावर सर्वांत जास्त वाद होतात आणि खरे तर हा या सगळ्यातला सर्वांत निरुपद्रवी प्रश्न आहे. मराठी पानांवर देवनागरी अंक आणि इंग्रजी पानांवर इंग्रजी अंक असावेत, हे उघड आहे. लेखापरीक्षकाने सही केलेले पत्रक जसेच्या तसे छापायचे असेल तर तिथले अंक बदलू नयेत. धोका आहे तो एकाच तक्त्यात दोन्ही मिसळण्याचा. देवनागरी ४ घाईत इंग्रजी 8 सारखा वाचला जातो. शून्य दोन्हीकडे सारखे दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी अक्षरे आहेत. अर्धा आकडा एका लिपीत आणि शून्य दुसऱ्या लिपीत टंकले गेले तर तो आकडा शोध घेऊन सापडत नाही. हाताने पुन्हा टंकण्याऐवजी संगणकालाच रूप बदलू द्यावे. एक्सेलमध्ये संख्या तीच ठेवून `[$-4000439]0` हे स्वरूप दिले की ती देवनागरी अंकांत दिसते. वेबसाइटवर अहवाल टाकणाऱ्यांना हेही ठाऊक असावे की `mr-IN` निवडल्यास आपोआप देवनागरी अंक येतात. इंग्रजी अंकच हवे असतील तर `mr-IN-u-nu-latn` असे स्पष्ट सांगावे लागते.

राहिल्या तारखा. इथे पहिला नियम हिशेबाच्या स्वरूपातून येतो. ताळेबंद एका दिवसाचा असतो, नफा-तोटा पत्रक एका कालावधीचे. म्हणून मराठीत पहिल्यावर ‘३१ मार्च २०२४ अखेरचा’ आणि दुसऱ्यावर ‘१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या कालावधीचे’ असे हवे. इंग्रजीत हा फरक काटेकोरपणे पाळला जातो. मराठीत दोन्हींवर सरसकट ‘दि. ३१/३/२०२४’ टाकून मोकळे होतात. मजकुरात महिना अक्षरांत लिहावा, तक्त्यात जागा कमी असेल तर ०५/०४/२०२४ असे दोन-दोन घरांत. महिना अक्षरांत असला की अमेरिकन पद्धतीच्या सेटिंगचा संगणक काही बिघडवू शकत नाही. अंकांत असला तर बिघडवतो, आणि तोही अर्धाच. 05/04/2024 टंकले की असा संगणक ५ एप्रिलची ४ मे करतो. 31/03/2024 मात्र त्याला तारीख वाटतच नाही, तो तिला नुसता मजकूर म्हणून ठेवतो. ओळखायची खूण सोपी आहे: काही न करता ठेवलेल्या रकान्यात खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. मुदत ठेवींच्या यादीत निम्म्या तारखा डावीकडे आणि निम्म्या उजवीकडे दिसल्या तर उजवीकडच्यांवर विश्वास ठेवू नये.

वर्षाचेही तसेच. इंग्रजी पानावर ‘एफवाय २४’ आणि मराठी पानावर ‘आर्थिक वर्ष २०२४’ लिहिले की सभासद त्याचा अर्थ २०२४-२५ असाही लावू शकतो. दोन्हीकडे २०२३-२४ हेच रूप ठेवावे. त्यातही जुन्या वर्षांसाठी एक्सेल सापळा लावून बसलेले असते. 2012-13 टंकले तर ते तसेच राहते, पण 2011-12 टंकले की त्याला तो २०११ चा बारावा महिना वाटतो आणि पडद्यावर Dec-11 येते. रौप्यमहोत्सवी वर्षाच्या प्रगती तक्त्यात वरची दहा-बारा वर्षे महिन्यांची नावे धारण करून बसलेली दिसतात ती यामुळे. रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवला की हे टळते. शासकीय राजपत्रात इंग्रजी तारखेसोबत शके पद्धतीची तारीख असते. बँकेच्या अहवालात तिची गरज नाही. गंमत म्हणून सांगायचे तर २०२३-२४ हे आर्थिक वर्ष राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार ११ चैत्र १९४५ ला सुरू होऊन ११ चैत्र १९४६ ला संपले.

हे सगळे सांभाळण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. लागते ती एक यादी. ठेवी, कर्जे, भागभांडवल, राखीव निधी, नफा, एनपीए, लाभांश असे जे वीसेक आकडे पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येतात, त्यांचे मूळ रुपये-पैसे एका कागदावर. त्यापुढे कोटींतले रूप. त्यापुढे तो आकडा ज्या ज्या पानांवर येतो त्यांचे क्रमांक. कोटींतले रूप हाताने न काढता `=ROUND(B5/10000000,2)` अशा सूत्राने काढावे. मनोगत लिहिणाऱ्याने, भाषांतर करणाऱ्याने आणि डीटीपीवाल्याने आकडा फक्त या यादीतून उचलायचा. फोनवर ऐकलेला किंवा मागच्या पानावरून पाहिलेला चालणार नाही. लेखापरीक्षकाने शेवटच्या क्षणी एखादी नोंद बदलली की यादीत बदल आणि पुढच्या पानक्रमांकांवर पेन्सिलीची खूण.

शेवटचे प्रूफ दोघांनी वाचावे. एकाच्या हातात मराठी पान, दुसऱ्याच्या हातात इंग्रजी. आकडा मात्र शब्दांत वाचू नये. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट हे दुपारी चार वाजता सारखेच ऐकू येतात. ‘एक आठ चार, दशांश, शून्य सहा, कोटी’ असे अंक-अंक आणि शेवटी एकक म्हणावे. एकक मोठ्याने म्हटले की लाखाच्या तक्त्यात शिरलेला कोटींचा आकडा तिथल्या तिथे पकडला जातो.

सभासदांनीही हातात अहवाल आल्यावर फोटो पाहून तो मिटवू नये. मनोगतातला ठेवींचा आकडा, ताळेबंदातला आणि प्रगती तक्त्यातला एवढे तीन ताडून पाहावेत, प्रत्येकाच्या कोपऱ्यातले एकक वाचून. फरक दिसला तर सभेच्या आधीच बँकेला लेखी कळवावे. शुद्धिपत्रकाचा कागद सभेच्या दिवशी वाटता येतो.